पूजेचा पट्टा

“सूनबाई, हात काढ जरा,” मामंजी म्हणाले, आणि निम्मं दळण जात्यात तसंच ठेवून त्यांनी आठ रंगरूट जात्याभोवती बसवले.

मी पदर सावरून भिंतीला टेकले. जोंधळा तसाच पडून होता, पण मामंजींना कोण बोलणार? पेन्शनर सुभेदार तातोबा खराडे म्हणजे बेळगावच्या फौजी लायनीत चालतीबोलती शाळा. सन त्रेचाळीसचा भादवा होता. लढाई पसरली तशी सरकारनं जुन्या जाणत्यांना घरातून उठवून परत बोलावलं होतं, आणि मामंजींच्या गळ्यात मशीनगन शिकवायचं काम पडलं होतं. शिकायला गन दोन आणि पोरं शंभरावर, म्हणून माझं जातं गन झालं.

“हा खुंटा, हे तोंड,” मामंजी म्हणाले. “माझ्या बापाच्या येळंची गन अशीच हुती. काबूलच्या लढाईत तो खेचरं हाकायला हुता, डोळ्यांनी बघितलेलं सांगायचा. दहा नळ्यांची मोळी नि कडंला फिरवायचा हात. वर उभी पेटी. तिच्यातनं काडतूस आपल्या वजनानं खाली पडायचं, ह्या तोंडात दाणा पडतो तसं. हात फिरवला की मोळी फिरायची. एक नळी भरली, एक उडाली, एक रिकामी झाली. हात थांबला की गन थांबली.”

“मग जोरात फिरवायचा, सुभेदारसाब,” एक कोकणी पोरगा म्हणाला.

मामंजींनी माझ्याकडं बघितलं. “सूनबाई, जातं जोरात फिरवलं तर काय हुतं?”

“भरड निघती,” मी म्हटलं. “आणि वरनं लई घातलं तर चोंदतं.”

“ऐका. माझी सून तुमच्यापेक्षा शाणी हाय. माणूस भ्याला की हात पळतो. काडतूस खाली बसायच्या आत मोळी पुढं सरकली की चोंदलं. कवा एखादं काडतूस उशिरा पेटायचं, तवर नळी जाग्यावरनं हललेली. पितळ पातळ, आतच फाटायचं. आणि गाडा तोफेएवढा, दोन चाकांवर. फिरवणारा उभा. समोरचा त्यालाच पयला टिपणार. म्हणून साहेब लोक तिला तोफांच्या रांगेत ठेवायचे नि तिच्यावर इश्वास ठेवायचे न्हाईत. पुढं कुणी नळ्या आडव्या मांडल्या, कुणी हात गोल फिरवायच्या ऐवजी पुढं-मागं ढकलायचा केला. पण ताकद कुणाची? माणसाच्या दंडाचीच.”

मग त्यांनी त्या कोकणी पोराच्या खांद्यावर थाप मारली. पोरगं मागं हेलपाटलं.

“बंदूक उडवली की हे बसतं. धक्का. शेकडो वर्षं हा धक्का फुकट जात हुता, खांदे सुजवत हुता. एका परदेशी कारागिराच्या डोक्यात आलं की ह्या धक्क्यालाच कामाला जुंपावं. नळी एकच ठेवली. गोळी उडाली की नळी नि तिच्यामागचा खटका बोटभर मागं येतो.” त्यांनी आपला पाय लांब केला. “गुडघा ताठ असला की किती बी रेटा, हलत न्हाई. गोळी उडताना खटका असा ताठ. मागं आला की गुडघा मोडतो. खटका सुटून आणखी मागं जातो. जाताना नळीतलं रिकामं नि पट्ट्यातलं भरलेलं, दोन्ही एकदम ओढून नेतो. डाव्या अंगाला स्प्रिंग हाय, ती ताणलेली असती. ती सगळं परत पुढं वढती. भरलेलं नळीत, रिकामं खाली भुईवर. आणि त्याच धक्क्यानं पट्टा एक घर पुढं सरकतो. मिन्टाला पाचशे. तुमचं काम काय? दोन अंगठे दाबून धरायचे.”

“आणि नळी तापली की?” हा आवाज मल्हारी भावजींचा. माझा धाकटा दीर. त्यांना उत्तर ठाऊक होतं, पण नव्या पोरांना विचारायची लाज वाटते म्हणून ते मुद्दाम विचारायचे. असा माणूस.

“नळीभोवती चार शेर पाणी. तीन मिन्टं न थांबता मारली की चहाला आधण येतं. वाफ वर गेली तर समोरच्याला जागा कळती, म्हणून रबरी नळीनं ती डब्यात सोडायची. डब्यातलं पाणी गार झालं की परत गनच्या पोटात. वाळवंटात आम्ही तहानेनं मेलो, पण ते पाणी प्यालो न्हाई.”

मग त्यांनी पट्टा उचलला. तो मला चांगला ओळखीचा. रंगरुटांच्या सरावाचे पट्टे भरायचं काम मी आणि माझी जाऊ हौसा घरी बसून करायचो, पोकळ काडतुसांचे. दोन कापडी फिती, मध्ये पितळेच्या पट्ट्या, अडीचशे घरं. प्रत्येक घरात काडतूस सारखंच खुपसायचं, एक वर एक खाली चालत नाही. हौसाचा हात माझ्यापेक्षा हलका होता.

“हे गनचं आतडं,” मामंजी म्हणाले. “कापडाचं. ओलं झालं की फुगतं, घर आवळतं, खटक्याला काडतूस सुटत न्हाई. ह्या उजव्या अंगाचा दांडा अर्ध्यात उभा ऱ्हातो. पाऊस आला तर अंगावरचा कोट काढा नि पट्ट्यावर घाला. तुम्ही भिजला तर चालंल.”

पोरं हसली. मी हसले नाही. मी ऐकत होते.

माझा नवरा त्या पोरांत बसत नव्हता. ते लान्स नाईक होते, केदारी खराडे, आणि त्यांच्या गनचे एक नंबर. एक नंबर म्हणजे गनमागं बसून अंगठे दाबणारा. दोन नंबर उजवीकडं पडून पट्टा पुरवणारा, ते मल्हारी भावजी. दोघं भाऊ एका गनवर. मामंजींनीच साहेबाला सांगून लावून घेतलं होतं, आणि लायनीत मिशीला पीळ देत फिरत होते. दसरा झाला की परीक्षा, परीक्षेत पास होतील त्या टोळ्या विलायतेच्या बाजूला लढायला, नापास होतील त्या बेळगावात. एवढं सरळ होतं. म्हणजे मला तेवढंच कळलं होतं.

मल्हारी भावजींच्या नि हौसाच्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं. माझा पोरगा तीन वर्षांचा.

एका दुपारी मामंजींना चहा दिला आणि मी सरळ विचारलं. मला आडवळणं येत नाहीत.

“मामंजी, तुमच्या लढाईत ह्या गनपुढं काय झालं हुतं?”

त्यांनी चहा खाली ठेवला. “पोरांना सांगत न्हाई ते मी.”

“मी पोरगं न्हाई.”

त्यांनी अंगणातल्या पट्ट्यांकडं बघितलं. मग म्हणाले, “इराकात तैग्रीस म्हणून नदी हाय. तिच्या काठानं आमची पलटण सपाट चिखलातनं चालली. पाऊस. तुर्कांच्या दोन गन हुत्या. समोर न्हवत्या गं. समोर असत्या तर चार मेले असते, चाळीस पोचले असते. दोन्ही टोकांना हुत्या, आडव्या. तू जोंधळ्याच्या तासाच्या टोकाला उभी ऱ्हा नि इळा फेक. एकच इळा, पण तो सगळ्या तासातनं जातो. इकडचा इळा तिकडं, तिकडचा इकडं. मध्ये फुली. त्या फुलीत आम्ही हुतो.”

“किती?”

“आदल्या दिशी जेवायला बसलो तवा माझ्या हाताखाली सत्तावन्न. दुसऱ्या दिशी अकरा.” त्यांनी बोटांनी मिशी दाबली. “बारा माणसांनी आमची पलटण झोपवली. माझ्या बापाच्या येळी काय हुतं, चढाई करणाऱ्याच्या छातीत दम असला की तो पोचायचा. गनचा हात फिरवणारा दमायचा, गन चोंदायची, तवर ह्यो अंगावर. आता गन दमत न्हाई. खड्ड्यात बसून वाट बघणारा जिंकतो, चालून येणारा मरतो. छातीला काय किंमत ऱ्हायली न्हाई.”

“मग असल्या गनला थांबवायचं कसं?”

“एक नंबरला मारायचं. बंदूक, तोफ, बाँब, सगळ्यांचा डोळा त्याच्यावरच. आमच्या कंपनीत एक नंबर म्हंजे…” तिथं ते थांबले. सून समोर बसली आहे आणि तिचा नवरा कोण आहे, हे त्यांना तेव्हा आठवलं असावं. “पण गन थांबत न्हाई त्यानं बी. कारण कसं हाय…”

ते पुढं काहीतरी सांगत होते. मी कपबशी उचलून उठले. मला पाहिजे ते मिळालं होतं. पुढचं ऐकलं असतं तर, असं मी पुढं जन्मभर म्हणत आले.

खंडेनवमीला पलटणीत शस्त्रांची पूजा असते. मैदानावर सतरंज्या घालून बंदुका, संगिनी, मशीनगन मांडतात. झेंडूच्या माळा, लिंबं, गुलाल. त्या दिवशी लायनीतल्या बायकांना आत यायची मुभा. आपल्या माणसाच्या हत्यारावर हळदकुंकू आपल्या हातानं वाहायचं. गनच्या शेजारी गोळ्यांची पेटी उघडून ठेवलेली. तिच्यात भरलेला पट्टा घड्या घालून बसवलेला, खऱ्या काडतुसांचा. आणि रिवाज असा की पूजेचा पट्टा बदलायचा नाही. पुढं पहिल्यांदा गन चालेल तेव्हा तोच लावायचा, देवीचा आशीर्वाद म्हणून. ह्या खेपेला पहिल्यांदा चालणार ती परीक्षेलाच.

मामंजी साहेबांच्या मंडपात होते. हे आणि मल्हारी भावजी कवायतीच्या रांगेत. गनपाशी आम्ही दोघी जावा. माझ्या हातात हळदकुंकवाचं ताट, हौसाच्या हातात पंचामृताची वाटी आणि फोडलेल्या नारळाचं पाणी.

मी गनला कुंकू लावलं. हौसानं गनच्या पायांवर चार थेंब शिंपडले.

“पेटीला दाखव की,” मी म्हटलं.

“अक्का, मामंजी म्हणत्यात पट्ट्याला पाणी…”

“पंचामृत म्हंजे पाणी व्हय गं? देवीला निवेद सोडायचा आणि तिच्या दाण्याला उपाशी ठेवायचं?”

तिनं दोन थेंब टाकले.

“हात आखडता घेऊ नगं. तुझ्या नवऱ्याचा बी पट्टा हाय.”

तिनं वाटी रिकामी केली. मग नारळाचं पाणीही. वर मी मूठभर फुलं टाकली आणि झाकण लावलं. दसरा गेला, सोनं लुटलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा आली.

चांदमारीच्या मैदानाला लांब एक बांध होता. साहेबांच्या पाहुण्यांबरोबर घरची माणसंही तिथं बसून बघायला आली होती. हौसानं डब्यात दशम्या आणल्या होत्या, जणू जत्रा. मामंजी साहेबाच्या मागं हात बांधून उभे.

आमच्या गनचा नंबर आला. शिट्टी झाली तसे हे तिवई घेऊन पळाले, मागून मल्हारी भावजी गन खांद्यावर घेऊन. तिवई बसली, गन बसली, भावजींनी पट्ट्याची पितळी जीभ उजवीकडून घातली, ह्यांनी डावीकडून ओढली, दांडा दोनदा फिरवला. त्या दोघांची डोकी क्षणभर जवळ आली. लांबून मला वाटलं, काही पुटपुटले.

गन बोलली. सहा-सात गोळ्या. थांबली.

ह्यांनी दांडा ओढला, पट्टा ओढला, पुन्हा अंगठे. दोन गोळ्या. थांबली. दांडा, पट्टा, एक गोळी. थांबली. इतक्या लांबूनही मला तो दांडा उभा दिसत होता. मामंजींनी बांधलेले हात सोडले. मी हौसाच्या दशमीचा तुकडा तोंडात धरून बसले होते. काळजात गार वाटत होतं. चौथ्यांदा थांबली तेव्हा मी मनात म्हटलं, झालं. दोघं घरी.

मग साहेब ओरडला. शब्द मला कळले नाहीत, पण शेजारच्या हवालदारणीला कळले. ती म्हणाली, “एक नंबर मेला म्हणाले. धरून चालायचं असतं तसं.”

हे गनमागून बाजूला लोळले, मेल्यासारखे. आणि त्यांची पाठ भुईला लागायच्या आत मल्हारी भावजी त्यांच्या जागी. तीन नंबर सरकून दोन नंबरच्या जागी, मागचा चौथा पाणी घेऊन तिसऱ्याच्या. भावजींनी ओला पट्टा ओढून बाहेर भिरकावला. तीन नंबरनं दुसरी पेटी फोडली. जीभ, ओढ, दांडा दोनदा, अंगठे. गन सुरू झाली आणि थांबेना. दहा-बारा गोळ्या, तळहाताची एक थाप, नळी जराशी सरकली, पुन्हा दहा-बारा, पुन्हा थाप. लांब लावलेले पत्रे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीनं पडत गेले. साहेबानं घड्याळ बघितलं आणि मान हलवली. हौसा उभी राहून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती.

मामंजी त्या दुपारी मला सांगणार होते ते हे होतं. एक नंबर मेला तर दोन नंबर. दोन गेला तर तीन. काडतूस गेलं की जागी काडतूस, माणूस गेला की जागी माणूस, आणि कुणालाही शिकवल्यावाचून ठेवलेलं नसतं.

संध्याकाळी मामंजी अंगणात पट्टा घेऊन बसले. नाकाजवळ नेला. “मध हाय. कुणी ओतलं?”

हे भिंतीकडं तोंड करून उभे होते. मल्हारी भावजी काही बोलू बघत होते.

“मी, मामंजी,” हौसा म्हणाली.

तिनं माझ्याकडं बघितलं. आरोप नव्हता त्या बघण्यात. नुसती वाट होती, की अक्का म्हणेल, मीच सांगितलं तिला. मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि भाकरी थापायला घेतली.

मामंजींनी पट्टा खाली टाकला. ह्यांना म्हणाले, “एक नंबरनं पट्टा हातात धरल्याबिगर गन भरत न्हाईत. तुला हात न्हवते?” त्यानंतर ते आपल्या थोरल्या लेकाशी मरेपर्यंत बोलले नाहीत. ह्यांना सामानाच्या कोठारात टाकलं, फाटके पट्टे शिवायला. टोळी पास झाली होती. एक नंबर, मल्हारी खराडे.

लढाईवर जाताना भावजी हौसाला म्हणाले, “तुझ्या पंचामृतानं मला एक नंबर केलं बघ.” सगळे हसले. ती लाजली. मी मोटारीच्या पाठीमागची धूळ बसेस्तोवर उभी होते.

पुढल्या वर्षी तार आली. बरोबरचा तीन नंबर पाय गमावून परत आला तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. इटलीत एका नदीच्या पलीकडं आपली माणसं उतरली होती. त्यांना मागं रेटायला जर्मन चालून आले. भावजींची गन एका दगडी गोठ्याच्या कोपऱ्यात, आडवी लावलेली. तीनदा आले, तीनदा तासाच्या तास पडला. गनच्या पोटातलं पाणी उडून गेलं, डब्यातलंही संपलं, तेव्हा बाटलीतलं घातलं. शेवटी जर्मनांना जागा सापडली आणि बाँब नेमका गनमागं पडला. “गन चालतच हुती, वैनी,” तो मला म्हणाला. “मी घेतली मग. मागची पलटण येईस्तोवर.” पुढं म्हणाला, “समोर जी पडलेली, ती बी पोरंच हुती. आमच्यापेक्षा बारीक.”

मामंजी त्या पावसाळ्यात गेले.

लायनीतल्या बायका हौसाला काय म्हणायच्या ते मी लिहीत नाही. हिनंच ओतलं आणि हिचंच कपाळ पुसलं, त्यांच्या तोंडाला तेवढं पुरलं. एकीच्या मी झिंज्या उपटल्या. लोक म्हणाले, अनसूयाबाई तिखट, पण जावेला जिवापाड जपते. जपतच होते. गावी आलो, घर बांधलं, माझी पोरं मोठी झाली, हौसा त्यांची धाकटी आई झाली. मोठ्या पंगतीला तिला पहिलं ताट. कुणी मोडता घातला तर मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. आणि नवऱ्याला मी सोडलं नाही. चाळीस वर्षं. भाजीत मीठ कमी म्हणाले तर मी म्हणायची, तुमच्या हाताला ओला पट्टा कळला न्हाई, जिभेला मीठ बरं कळलं. ते ताटावर मान घालून जेवायचे. गरीब माणूस, मी धरून चालले होते. नवऱ्याला वाचवलं ते मी, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही, ह्याचा मला आतून मोठा गर्व होता. पापाचाही गर्व असतो माणसाला.

त्यांना शेवटचं दुखणं आलं तेव्हा मी पेज पाजत होते. दुपारची वेळ. हौसा परसात शेंगा फोडत होती.

“अनसा,” ते म्हणाले, “तू ओतायला लावलंस तिला. ती ‘मी’ म्हणाली नि तू भाकरी थापत ऱ्हायलीस, तवाच मला कळलं.”

माझा चमचा थांबला.

“पट्टा ओला हाय ते तर आधीच, मैदानात. मध नाकाला आला. पट्टा जड लागला. दोन नंबरनं जीभ घातली नि मी वढली, तवाच कळलं. एक नंबरला कळतंच. मल्हारी म्हणाला, दादा, चिकट हाय, बदलू का? दुसरी पेटी हाताशी हुती. बदलायला लई येळ लागत न्हाई. तू बघितलंस.”

“मग?”

“मी म्हणालो, पूजेचा हाय, ऱ्हाऊ दे.”

पेज ओठावरून ओघळली. मी पुसली नाही.

“आबांनी, तुझ्या मामंजींनी, त्या नदीचं मला बी सांगितलं हुतं. तुझ्या आधी. मला जायचं न्हवतं, अनसा. कुणाला सांगायचं? सुभेदाराच्या पोरानं? तू पट्टा भिजवलास, मी देवाचं नाव पुढं केलं. वाटलं, टोळीच मोडंल. त्यो पटकन माझ्या जागी येईल हे… मीच शिकवलं हुतं त्याला. रोज तीसदा करून घ्यायचो. मी मेल्यावर तू किती पटकन येतोस बघू, म्हणायचो.”

दोन दिवसांनी ते गेले. चाळीस वर्षं मी ज्याला टोचत होते त्याला सगळं ठाऊक होतं, आणि माझं नाव त्यानं कधी घेतलं नाही. माझ्यावर दया म्हणून, की घेतलं असतं तर त्याचंही निघालं असतं म्हणून, हे विचारायला माणूस उरला नाही.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मी हौसासमोर जाऊन बसले. ती निवडत होती, मीही सुपात हात घातला. मला आडवळणं येत नाहीत असं मी वर लिहिलं आहे. चाळीस वर्षांचं आडवळण घेऊन मी तिच्यापर्यंत आले होते.

“हौसा, खंडेनवमीला तुला ओतायला लावलं ते मी जाणूनबुजून. गन अडकावी म्हणून. मला वाटलं दोघं बी ऱ्हातील. खोटं सांगत न्हाई, दोघं बी.” मग ह्यांचं सांगितलं, जसं त्यांनी सांगितलं तसं, शब्दाला शब्द.

तिचे हात थांबले. मी वाट बघत होते. सूप माझ्या तोंडावर फेकावं, बाहेर जाऊन साऱ्या गल्लीला ओरडून सांगावं, काहीही करावं. ती माझ्याकडं बघत नव्हती. सुपाकडंही नाही.

“त्यांनी इचारलं हुतं?” ती म्हणाली.

“कुणी?”

“ह्यांनी. बदलू का म्हणून?”

“व्हय.”

“काय म्हणाले, नेमकं?”

“दादा, चिकट हाय, बदलू का.”

हौसा एकोणसाठ वर्षांची होती. भावजींबरोबर तिचा संसार झाला तो दीड वर्षाचा, त्यातला निम्मा त्यांनी बराकीत काढलेला. त्यांचं बोललेलं जे होतं नव्हतं ते तिनं ह्या चाळीस वर्षांत किती वेळा मनाशी घोळवून झिजवलं असेल, ह्याचा मी कधी विचार केला नव्हता. एवढ्या वर्षांनी तिला त्यांचं एक नवं वाक्य मिळालं होतं.

“परत सांगा, अक्का,” ती म्हणाली. “त्यांचं तेवढंच सांगा.”

मी सांगितलं. तिनं डोळे मिटले. मग तिनं आणखी एकदा विचारलं, आणि मी पुन्हा सांगितलं. माझ्याविषयी ती एक शब्द बोलली नाही. आजतागायत बोललेली नाही.